मदत हवी आहे: खरा खर्च माहीतच नसेल तर पाणी कंपनीचा दर कसा ठरवायचा?

नदीकाठ: एम.ए.च्या सेमिनारसाठी इंग्लंड-वेल्समधल्या पाणी कंपन्यांवर लिहितेय. 1989 मध्ये खाजगीकरण झालं, प्रत्येक भागात एकाच कंपनीची मक्तेदारी. ऑफवॉट हा नियामक त्यांची एकमेकींशी तुलना करून दर ठरवतो. अर्थतज्ज्ञ श्लायफरचा 1985 चा लेख वाचला: कंपनीचा दर तिच्यासारख्या बाकी कंपन्यांच्या खर्चावरून ठरवायचा. समजा, तीन कंपन्यांचा खर्च दर ग्राहकामागे 100, 110 आणि 120 पौंड आहे. प्रत्येकीला बाकी दोघींची सरासरी मिळणार, म्हणजे 115, 110 आणि 105. तिसरीला 15 चा तोटा. पण ती डोंगराळ भागात असेल तर? हा अन्याय नाही का?

सरळरेषा: सगळ्यात स्वस्त कंपनीचा खर्च घ्यायचा आणि तोच सगळ्यांना लावायचा. विषय संपला.

जुनाखातेदार: तेवढं सोपं नाही. आधी नदीकाठच्या उदाहरणातली मेख बघा. तिसरीने खर्च 120 वरून 110 वर आणला तरी तिला 105 च मिळतात, कारण तिचा स्वतःचा आकडा तिच्या दरात धरलेलाच नाही. वाचवलेले 10 पूर्ण तिचे, म्हणून ती काटकसर करते. खरा खर्च विचारावाच लागत नाही.

डोंगराचं म्हणणं मात्र रास्त आहे. म्हणून ऑफवॉट सरळ सरासरी घेत नाही, रिग्रेशन करतो, म्हणजे सगळ्या कंपन्यांच्या आकड्यांवरून कोणत्या घटकाने खर्च किती वाढतो याचं मॉडेल बांधतो. 2019 च्या दरनिश्चितीत पाणीपुरवठ्यासाठी जोडण्या, जलवाहिन्यांची लांबी, शुद्धीकरण किती गुंतागुंतीचं, वस्तीची दाटी आणि वाहिनीच्या लांबीमागे किती बूस्टर पंपिंग स्टेशनं, हे घटक धरले होते. चढउताराचा खर्च त्या शेवटच्या घटकातून येतो.

टाकीभरली: आमच्या सोसायटीतही टँकरवाला दर महिन्याला भाव वाढवतो. शेजारच्या सोसायटीचं बिल दाखवलं तर ऐकेल का?

जुनाखातेदार: त्याच्यासाठी ती नुसती घासाघीस. इथे तुलनेवरून दर बांधून द्यायचा अधिकार नियामकाला आहे, हा फरक.

नदीकाठ: मग मॉडेलपेक्षा जास्त निघालेला खर्च म्हणजे निव्वळ ढिसाळपणा समजायचा?

जुनाखातेदार: नाही, खरी अडचण तिथेच आहे. त्या फरकात ढिसाळपणाही असतो आणि मॉडेलमधून सुटलेला एखादा स्थानिक खर्चही. 2019 ला कंपन्या जेमतेम 17 होत्या, इतक्या थोड्यांत दोन्ही वेगळे काढता येत नाहीत. म्हणूनच काटकसरीत पहिल्या क्रमांकाची कंपनी मापदंड धरत नाहीत. 2019 ला पाणीपुरवठ्यात चौथ्या क्रमांकाची धरली. चार कंपन्यांनी दाद मागितली, तेव्हा 2021 मध्ये स्पर्धा प्राधिकरणाने तो निकष थोडा सैल करून वरच्या चतुर्थकावर, म्हणजे सर्वात काटकसरी पाव कंपन्यांच्या सीमेवर आणला.

सरळरेषा: मग दोन कंपन्या एकत्र झाल्या तर तुलनेलाच एक कमी.

जुनाखातेदार: बरोबर. म्हणूनच तिथे पाणी कंपन्यांच्या विलीनीकरणाला वेगळी, खास तपासणी आहे.

नदीकाठ: एक अजून अडतंय. पंपिंग स्टेशनं कंपनी स्वतःच बांधते ना? मग जास्त बांधून ती आपला दर वाढवून घेऊ शकते का?

जुनाखातेदार: तत्त्वतः हो. घटक कंपनीच्या हातातला नसावा, हा आग्रह त्यासाठीच. पण पाणी किती उंच चढवावं लागतं याचे आकडे सगळ्या कंपन्यांकडून सारख्या दर्जाचे मिळत नव्हते, म्हणून स्टेशनांच्या संख्येवर भागवलं. ते पटण्यासारखं आहे का, याबद्दल माझं मत अजून ठरलेलं नाही.