मदत हवी आहे: फोटो सुधारला की आजोबांचा चेहराच बदलतो

सांगलीच्या घरासाठी आजोबांचं पेन्सिल-स्केच करायचंय. हाताशी फक्त व्हॉट्सॲपवर आलेला पासपोर्ट फोटो आहे, त्यात चेहरा जेमतेम ७० पिक्सेल रुंद. मूळ प्रत हरवली, त्यामुळे पुन्हा स्कॅन शक्य नाही.

कोडफॉर्मर या चेहरा सुधारणाऱ्या एआय प्रोग्रॅममध्ये `-w 0.5` ठेवलं की चेहरा लख्ख येतो, पण भुवईवरची खोक गायब. आत्या म्हणाली, "हे कोण रे?" फोटोत नसलेला तपशील तो शिकलेल्या चेहऱ्यांतून भरतो, हे कळतं. `-w 1` ला ओळख बरीच टिकते, पण डोळे धूसरच. साधा चौपट मोठा केलेला मूळ फोटो सुधारलेल्या चेहऱ्यावर अर्धा पारदर्शक ठेवला, तर खोक परत दिसते.

धूसरपणा स्केचमध्ये तसाही झाकला जाईल ना? मग चेहरा-सुधारणा पूर्ण वगळून थेट स्केच करावं, की फक्त डोळ्यांपुरता `-w 1` चा थर मिसळावा, आणि तो किती टक्के?