मदत हवी आहे: दोन कॅमेरे एकत्र चालू केले की दोन्ही अडकतात

बागायतदार_निफाड: पॅकहाउसच्या छतावर वायफायचा मुख्य डबा आहे. बागेच्या दोन टोकांना कॅमेरे आहेत. एकेकटा झकास चालतो, दोन्ही लावले की चित्र थिजतं. सिग्नल फुल आहे. काढणी तोंडावर आलीय, लवकर सांगा.

केबलकाका: केबल टाका. वायफायचे लाड कशाला?

बागायतदार_निफाड: काका, मध्ये दुसऱ्याची बाग आहे.

टॉवरवाला: कॅमेऱ्यांचे डबे एकमेकांना दिसतात का? अँटेना कसले?

बागायतदार_निफाड: मध्ये कोल्ड स्टोरेज आहे. डिश अँटेना, दोन्हींची तोंडं पॅकहाउसकडे. पिंग सोडलं तर एकट्याला लॉस शून्य, दोन्ही चालू असताना शंभरात अडतीस.

टॉवरवाला: मग हिडन टर्मिनल. पाठवण्याआधी डबा हवा मोकळी आहे का ते ऐकतो, पण पूर्वेच्या डब्याला पश्चिमेचा ऐकूच येत नाही. दोघं एकदम बोलतात आणि पॅकहाउसला फक्त गोंगाट पोचतो. सिग्नल फुल असून लॉस, ही त्याचीच खूण.

राउटर_राजा: सोपंय. RTS म्हणजे पाठवण्याआधी विचारलेलं ‘बोलू का?’. किती बाइटच्या वरच्या फ्रेमसाठी ते विचारायचं, तो थ्रेशोल्ड छतावरच्या डब्यात 2347 असेल, 500 कर.

टॉवरवाला: आकडा बरोबर, जागा चुकली. व्हिडिओ कॅमेऱ्याकडून निघतो, म्हणून RTS त्या टोकांनी पाठवायला हवा. पॅकहाउस CTS, म्हणजे ‘बोल’ असा होकार देतं, तो दोघांनाही ऐकू येतो. त्यात किती वेळ गप्प बसायचं ते लिहिलेलं असतं. दोन RTS आदळतीलही, पण वीस बाइटच वाया जातात, दीड हजार नाहीत.

नाशिकरोडकर: माझं उलटं आहे. शेजाऱ्याचा डबा त्याच्या पॅकहाउसशी बोलत असला की माझा उगाच थांबतो. RTS लावू?

राउटर_राजा: हो, पुस्तकात एक्स्पोज्ड टर्मिनलवरही तेच दिलंय.

टॉवरवाला: कागदावर. RTS ऐकला पण CTS नाही, तर खुशाल बोल, असा तर्क आहे. पण वायफायमध्ये RTS ऐकणाराही गप्प बसतो. शिवाय शेजाऱ्याच्या डब्याला पोच परत यायची असते, ती तुझ्या आवाजात बुडेल. तू चॅनेल बदल.

केबलकाका: यंदा भाव काय मिळतोय?

बागायतदार_निफाड: काका, नंतर. पूर्वेच्या डब्यावर OpenWrt आहे, तिथे हे मारलं:

```
iw phy phy0 set rts 500
```

पूर्वेचा लॉस सहावर आला. पश्चिमेच्या डब्यात ही सोयच नाही, त्याचा अजून एकवीस.

टॉवरवाला: बरोबरच आहे. पश्चिमेचा डबा RTS न पाठवता बोलतो. पूर्वेला ते ऐकू येत नाही, त्यामुळे तिचा RTS त्याच्या फ्रेममध्ये घुसतो. पश्चिमेचा डबा कुठला? फर्मवेअर बदलता येतं का?

बागायतदार_निफाड: स्टिकर पावसात गेलंय. उद्या खांबावर चढून बघतो.