सर्टिफिकेटची सूचना आली की सरळ मान्य करायची?

विरारवासी: थंडरबर्डमध्ये ऑफिसचं नवं अकाउंट टाकलं की सर्टिफिकेटची भीती घालणारी खिडकी येते. काही होत नाही. Confirm Security Exception दाबा आणि कामाला लागा. मी आठ वर्षं हेच करतोय.

गिरगावकर: आठ वर्षं रूळ ओलांडून जाणारेही हेच सांगतात.

परवाच लालबागच्या एका ऑफिसात तीन मशीनवर अकाउंटं टाकून आलो. सर्व्हर mail.example.in (खरं नाव लपवलंय), पोर्ट 993. खिडकी आली. सर्टिफिकेट उघडून पाहिलं तर ते server12.example.net या नावाचं, मुदत शिल्लक, Let's Encrypt चं. म्हणजे शेअर्ड होस्टिंग. एकाच सर्व्हरवर ढीगभर लोकांची डोमेनं आणि सर्टिफिकेट मात्र सर्व्हरच्या स्वतःच्या नावाचं. हाक एका नावाने मारली, ओळखपत्र दुसऱ्याचं निघालं.

अशा वेळी होस्टिंगच्या पॅनेलमध्ये सर्व्हरचं नाव बघायचं. तिथेही server12.example.net च असेल, तर इनकमिंग आणि आउटगोइंग दोन्हीकडे तेच टाकायचं. युजरनेममध्ये आपला मेल पत्ता तसाच ठेवायचा. खिडकी गेली. फक्त नाव पॅनेलमधूनच घ्या, खिडकीत दिसलं म्हणून उचलू नका. मधे कोणी बसला असेल तर तो स्वतःचंच नाव दाखवणार.

आता तुमचा उपाय. ती सूट त्या एका सर्टिफिकेटपुरती असते. Let's Encrypt चं 90 दिवसांत संपतं, त्याआधीच बदललं जातं, की खिडकी परत हजर. दर दोन-तीन महिन्यांनी न वाचता बटण दाबायची सवय तुम्ही अख्ख्या ऑफिसला लावताय.

विरारवासी: लेक्चर नको. सूट दिली तरी एन्क्रिप्शन राहतंच ना? मग मधला वाचणार कसा?

गिरगावकर: राहतं. लखोटा घट्ट चिकटवलेलाच आहे, पण दिला कोणाच्या हातात? मधलाच तो उघडणार, आणि आत तुमचा पासवर्ड.

नीलिमा_मुलुंड: आमच्याकडे सर्टिफिकेट संपलं की सीए नवीन टोकन देतात. दोन वर्षांचं घेतलं तर कटकट नाही.

कटिंगवाला: ताई, ते रिटर्न भरायच्या सहीचं. इथे मेल सर्व्हरचं चाललंय.

नीलिमा_मुलुंड: सर्टिफिकेट ते सर्टिफिकेट. बरं, चालू द्या.

कटिंगवाला: माझा किस्सा वेगळाच. जुन्या लॅपटॉपवर अकाउंट टाकायला गेलो तर सर्टिफिकेट म्हणे अजून लागूच झालेलं नाही. अर्धा दिवस होस्टिंगवाल्याला शिव्या घातल्या. शेवटी कोपऱ्यात पाहिलं, घड्याळ 2015 मध्ये! आतला सेल मेलेला.

ठाणेकर: शिव्या घातल्यात ते बरंच केलंत. आमच्या सोसायटीचं डोमेन त्या होस्टिंगवाल्याने स्वतःच्या नावावर घेतलंय. पॅनेलचा पासवर्ड मागितला की म्हणतो, ‘काका, मी करतो ना.’ मार्चमध्ये सर्टिफिकेट संपलं, चार दिवस कोणालाच मेल नाही. वर त्याचाच सल्ला, मान्य करून टाका!

कटिंगवाला: माझ्या मेव्हण्याचंही तेच. दुकानाचं डोमेन दुसऱ्याच्या नावावर. सोडवायला गेला तर रिन्यूअलच्या तिप्पट पैसे मागितले.

विरारवासी: डोमेन घेताना झोपला होतात का? बिल कोणाच्या नावाने येतं ते तरी बघायचं.

ठाणेकर: झोप काढणाऱ्याने आम्हाला शिकवू नये. आठ वर्षं डोळे मिटून बटण तुम्हीच दाबताय.

गिरगावकर: भांडण नंतर. संपलेल्या सर्टिफिकेटचं सांगतो. नाव बरोबर आणि मुदत कालच संपली असेल, तर बहुतेक वेळा रिन्यूअल अडकलेलं असतं. तरी मी थांबतो, वेबमेल चालत असेल तर त्यावर काम भागवतो.

मान्य करणं मला एकाच ठिकाणी पटतं. सर्व्हर आपला आणि सर्टिफिकेटही आपणच बनवलेलं. माझ्या घरी छोटी पेटी आहे तसं. त्या पेटीसमोर बसून हे चालवतो:

```
openssl x509 -in mail.crt -noout -fingerprint -sha256
```

आलेला आकडा खिडकीतल्या SHA-256 शी पूर्ण जुळवतो, सुरुवातीची चार अक्षरं नाही. जुळला तर मान्य. पुढे मी सर्टिफिकेट बदललेलं नसताना खिडकी आली, तर हात मागे.

कटिंगवाला: स्टेशनच्या फुकट वाय-फायवर आली तर?

गिरगावकर: घरी मोबाइल डेटावर तेच अकाउंट गुपचूप चालत होतं ना? मग गडबड त्या वाय-फायची. कधी नुसतं लॉगिनचं पान अडवतं, कधी आणखी काही. तिथे तरी दाबू नका.

विरारवासी: ठीक आहे महाराज, सर्व्हरचं नाव बदलून बघतो. पण ते पॅनेल उघडायला पासवर्ड लागतो, आणि तो आमच्याही होस्टिंगवाल्याकडेच आहे. सकाळपासून फोन उचलत नाहीये.

ठाणेकर: या, बसा.