प्रति : वारस नोंदीच्या अर्जाची भाषा

> ‘बाबा वारले, सातबाऱ्यावर आमची नावं लावा’ एवढंच लिहिलं तर चालत नाही का?

अर्ज कोणी फेकून देणार नाही, पण परत बोलावतील. कारण या वाक्यात तलाठ्याला लागणारं काहीच नाही. विषयात ‘मयत खातेदाराचे वारसांची नोंद होणेबाबत’ असं लिहा. मजकूर साधारण असा :

‘माझे वडील कै. (पूर्ण नाव) हे दि. … रोजी मयत झाले असून, मौजे … येथील गट क्र. … ही जमीन त्यांचे नावे आहे. त्यांचे पश्चात खालीलप्रमाणे वारस आहेत. तरी वारस नोंद होणेस विनंती आहे.’

‘त्यांचे नावे’, ‘होणेस’ ही रूपं निव्वळ कचेरीची सवय. ‘त्यांच्या नावावर’, ‘करावी’ लिहिलंत तरी काही अडत नाही. ‘दि. … रोजी मयत’ मात्र ठेवा, कारण मृत्यूच्या दाखल्याशी तारीख ताडायची असते. घरी ‘बाबा गेले’ म्हणतो, ते कागदावर नको.

खरी चूक ‘आमची’ या शब्दात होते. आमच्याकडे धाकट्या काकांनी आजोबांच्या वेळी ‘आम्ही दोघे भाऊ’ एवढंच लिहिलं. आत्यांची नावं नाहीत म्हणून अर्ज परत आला. ‘बहिणींना काही नको’ हे बोलण्यात ठीक. अर्जात आई, भाऊ, लग्न झालेल्या बहिणी, सगळ्यांची नावं वय-नात्यासह येतात. हक्क सोडायचा तर नोंदणीकृत हक्कसोडपत्र वेगळं. आणि हो, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.