शब्दचर्चा: डेटाबेसमधला ‘इंडेक्स’ म्हणजे अनुक्रमणिका, सूची की निर्देशांक?

मुग्धा_टी
बी.एस्सी.च्या मुलांसाठी डेटाबेसच्या टिपा मराठीत लिहिते आहे. ‘इंडेक्स’ला अनुक्रमणिका म्हणावं, सूची की निर्देशांक? इंडेक्समुळे वाचन जलद होतं आणि लेखन मंदावतं. या दोन्ही गोष्टी ज्यातून समजावता येतील असा शब्द हवा आहे.

अविनाश_नाशिक
निर्देशांकच. सेन्सेक्सला आपण निर्देशांक म्हणतो, 1978-79 हे पायाभूत वर्ष धरून 100 पासून मोजतात. ग्राहक किंमत निर्देशांकही तसाच. शब्द रुळलेला आहे, नवा कशाला शोधायचा?

दप्तरी
अविनाशराव, तो अंक आहे, मोजमाप आहे. इथे प्रश्न शोधायच्या साधनाचा आहे, त्यामुळे निर्देशांक बाद.

अनुक्रमणिकाही मला पटत नाही. ती पुस्तकाच्या सुरुवातीला असते आणि प्रकरणांच्याच क्रमाने जाते. सूची शेवटी असते आणि तिचा क्रम वेगळा असतो. मजकूर आहे तिथेच राहतो, शब्द अकारविल्हे लागतात आणि प्रत्येकापुढे पान क्रमांक येतो. डेटाबेसमध्ये नेमकं हेच घडतं.

शिवाय हा शब्द सरकारी दप्तरात आधीपासून आहे. घर घेतलेले लोक ज्याला ‘इंडेक्स टू’ म्हणतात, त्या कागदावर मराठीत ‘सूची क्र. 2’ छापलेलं असतं. नोंदणी अधिनियम 1908 च्या कलम 55 प्रमाणे स्थावराच्या दस्तांच्या दोन सूच्या ठेवतात. सूची 1 माणसांच्या नावांवर, सूची 2 मिळकतीच्या तपशिलावर. दस्त एकच, त्याच्याकडे जायच्या वाटा दोन. आणि कलम 54 म्हणतं की दस्ताची नोंद झाली की शक्य तितक्या लगेच सूचीतही नोंद करायची. तीन भावांनी एकाला जमीन विकली तर दस्त एक, पण सूची 1 मध्ये चार नावं आणि सूची 2 मध्ये मिळकत वेगळी. तुमचं ‘लेखन मंदावतं’ ते इथे डोळ्यांना दिसतं.

मुग्धा_टी
हे फार चांगलं आहे. पण मुलं विचारतील, सूचीसुद्धा वाचावीच लागते ना? मग वेळ कुठे वाचला?

पानमोजणी
पोस्टग्रेसचा हिशेब देतो, तिथे एक पान 8 केबीचं असतं. समजा `dast` टेबलात 1 कोटी ओळी आहेत आणि एका पानावर साधारण 50 मावतात. म्हणजे 2 लाख पानं, दीड जीबीच्या वर. सूची नसेल तर एका दस्तासाठी ती सगळी चाळायची, कारण हवी ती ओळ कुठल्याही पानावर असू शकते.

आता `dast_id` या पूर्णांकावर बी-ट्री इंडेक्स लावा. त्यात फक्त आकडा आणि ओळीचा पत्ता असतो, म्हणून एका पानावर साडेतीनशेच्या वर नोंदी बसतात. तळाची पानं होतात सुमारे 27 हजार. त्यांच्यावर वाट दाखवणारी शंभरेक पानं आणि सगळ्यांत वर एकच. शोधताना वरचं पान, मधलं एक, तळाचं एक आणि मग टेबलाचं पान, अशी चारच पानं वाचायची. सूची अख्खी वाचावी लागत नाही, कारण ती क्रमाने लावलेली आहे आणि प्रत्येक पायरीवर बाकीचा सगळा भाग सोडून देता येतो. मुलांना हे स्वतः बघू द्या:

```
EXPLAIN (ANALYZE, BUFFERS)
SELECT * FROM dast WHERE dast_id = 4120776;
```

आधी `Seq Scan` दिसेल, इंडेक्स लावल्यावर `Index Scan`. `Buffers` पुढचा आकडा म्हणजे हाताळलेली पानं.

पण मागितलेल्या ओळी टेबलाच्या मोठ्या भागात विखुरलेल्या असतील, तर इंडेक्स असूनही डेटाबेस सगळं टेबल चाळतो आणि ते बरोबरच असतं. निम्मं पुस्तक वाचायचं असेल तर सूचीतून पानापानावर उड्या कोण मारेल?

लिहिताना याच्या उलट होतं. नवी ओळ टेबलात जागा असेल तिथे ठेवून देता येते. सूचीत मात्र ती तिच्या क्रमाच्या जागीच जायला हवी. ते पान भरलेलं असेल तर त्याची दोन पानं करायची आणि वरच्या पानावर नव्या पानाचा पत्ता लिहायचा. पाच इंडेक्स असतील तर हे पाच ठिकाणी, आणि प्रत्येक बदल लॉगमध्येही उतरतो. चढत्या आकड्यांची भर नेहमी उजव्या टोकाला पडते, ते स्वस्त. यादृच्छिक यूयूआयडी प्रत्येक वेळी वेगळ्याच पानावर जातात, ते महाग.

हर्षद_जे
एक भर. अपडेट करताना फक्त बदललेल्या कॉलमच्या इंडेक्सला हात लागतो. त्यामुळे न बदलणाऱ्या कॉलमवर कितीही इंडेक्स असले तरी अपडेटला फरक पडत नाही.

पानमोजणी
मायएसक्यूएलच्या इनोडीबीत हे खरं आहे, कारण तिथे दुय्यम इंडेक्समध्ये ओळीची प्राथमिक किल्ली असते, जागेचा पत्ता नसतो. पोस्टग्रेसमध्ये अपडेट म्हणजे ओळीची नवी प्रत, नव्या जागी. बी-ट्री इंडेक्समधला एकही कॉलम बदलला नसेल आणि त्याच पानावर मोकळी जागा असेल, तरच इंडेक्स सुटतात. यातली एक अट मोडली की सगळ्या इंडेक्समध्ये नवी नोंद, ज्यांचा कॉलम जसाच्या तसा आहे त्यांतसुद्धा. म्हणून वारंवार अपडेट होणाऱ्या टेबलाला `fillfactor` 80-90 ठेवून पानावर जागा राखतात.

प्राजक्ता_डीबीए
जरा विषयांतर. आमच्या एका टेबलवर नऊ इंडेक्स आहेत आणि रोज रात्री 20 लाख ओळी चढतात. दर महिन्याला लोड लांबतोय. काय काढू?

पानमोजणी
आधी कोणते वापरात नाहीत ते बघा:

```
SELECT indexrelname, idx_scan
FROM pg_stat_user_indexes
WHERE relname = 'dast'
ORDER BY idx_scan;
```

`idx_scan` शून्य दिसला म्हणून लगेच उडवू नका. युनिक इंडेक्स शोधासाठी वापरला गेला नाही तरी दुबार नोंद अडवण्याचं काम करतच असतो. अहवाल रेप्लिकावर चालत असतील तर तिथली मोजणी वेगळी असते, तीही बघा. एक इंडेक्स `(taluka)` वर आणि दुसरा `(taluka, gat_no)` वर असेल, तर पहिला बहुतेक वेळा काढता येतो. आणि कधी `CREATE INDEX CONCURRENTLY` मध्येच फसलं असेल, तर मागे `INVALID` इंडेक्स राहतो. तो वाचनाला उपयोगी नसतो, लेखनाचा भार मात्र घालू शकतो. `\d dast` मध्ये दिसेल.

प्राजक्ता_डीबीए
सापडला, एक `INVALID` आहे! बाकीचे लोडआधी काढून नंतर परत लावले तर?

पानमोजणी
रिकामं टेबल भरताना ते नक्की फायद्याचं. तुमच्याकडे आधीच्या ओळी किती त्यावर ठरेल, कारण परत लावताना सगळ्या ओळींचा इंडेक्स नव्याने बांधला जातो. मोजून बघितल्याशिवाय मी सांगणार नाही.

मुग्धा_टी
मग टिपांमध्ये ‘सूची’ नक्की करते.

हर्षद_जे
बोलताना मात्र ‘क्वेरी इंडेक्स उचलत नाही’ असंच म्हणतात. ‘क्वेरी सूची उचलत नाही’ कानाला कसंसंच लागतं. शिवाय ‘सूची’ म्हटलं की मुलांना ड्रॉपडाउनची यादी आठवेल.

दप्तरी
ही अडचण खरी आहे. यादीला ‘यादी’च म्हटलं तर सूची मोकळी राहते, पण मोबाइलवाल्यांनी ‘सूची’ लिस्टसाठी वापरून ठेवली आहे. ‘शोधसूची’ चालेल का?

मुग्धा_टी
‘शोधसूची’ म्हटलं की वाचनाची बाजू लगेच कळते. लेखनाची मात्र सूची क्र. 2 दाखवूनच सांगावी लागेल. आणि ‘इंडेक्स’ ठेवला तर अनेकवचन ‘इंडेक्स’च की ‘इंडेक्सेस’? वर सगळ्यांनी ‘नऊ इंडेक्स’ लिहिलंय.