१२ मीटरच्या पाइपला २४ सेंमी उतार

"राजारामपुरीत शौचालयापासून चेंबरपर्यंत १२ मीटर अंतर आहे आणि उतार २४ सेंमीच मिळतो. मैला अडकेल का?"

हा उतार १:५० होतो आणि १०० मिमीच्या पाइपला तो पुरेसा आहे, कारण अर्ध्यापर्यंत भरलेल्या गुळगुळीत पीव्हीसी पाइपमध्ये त्यावर पाण्याला सेकंदाला सुमारे १ मीटर वेग मिळतो, तर मैला वाहून नेण्यासाठी साधारण पाऊण मीटर लागतो. 'मोठा बरा' म्हणून १५० मिमीचा पाइप मात्र घालू नये. तेवढ्याच फ्लशचा थर त्यात पातळ होतो आणि मैला तळाशी टेकून मागे राहतो.

खरा त्रास बहुधा मधल्या झोळामुळे होतो, म्हणून माती लोटण्यापूर्वी लेव्हलच्या नळीने दर ३ मीटरला ६ सेंमी उतरते का, हे तपासावे.