मदत हवी आहे: मुदत संपलेल्या पेमेंट लिंकवर ग्राहकाचे पैसे आले, जुळवायचे कसे?

साडीदुकान_कोथरूड: ऑर्डर २,३४० रुपयांची. गेटवेची लिंक काल संध्याकाळी ६ पर्यंत होती. ताईंनी ६:०२ चा यूपीआयचा स्क्रीनशॉट पाठवलाय, खात्यातून पैसे वजा झालेत. आमच्याकडे लिंकपुढे `Expired` दिसतंय. बँकेच्या स्टेटमेंटमध्ये २,३४० ची नोंद नाही. नवीन लिंकही पाठवून झाली आहे. माल पाठवू का?

रोखठोक: मुदत संपली की लिंक उघडतच नाही. स्क्रीनशॉट बनावट असणार. माल पाठवू नका.

हिशेबनीस: माल थांबवा हे बरोबर, पण बनावट ठरवायची घाई नको. पान ६ च्या आधी उघडून ठेवलं आणि पिन नंतर टाकला, किंवा बँकेचं उत्तर उशिरा आलं, तर असं होतं. आधी ती नवीन लिंक रद्द करा, नाहीतर ताई दुसऱ्यांदा भरतील.

स्टेटमेंटमध्ये २,३४० शोधून उपयोग नाही. गेटवे दिवसभराचे पैसे एकत्र, कमिशन कापून, बहुधा एक-दोन कामकाजाच्या दिवसांनी टाकतो. त्या जमेचा यूटीआर वेगळा, ग्राहकाचा वेगळा. ताईंकडून १२ अंकी यूटीआर टाइप करून घ्या, चित्रावरून वाचू नका. मग डॅशबोर्डवर लिंकच्या यादीत नाही, `Payments` मध्ये शोधा. नाही सापडला तर कालची तारीख आणि रक्कम लावून बघा.

किराणा_नाशिक: आमच्या काउंटरच्या क्यूआरचा बॉक्स कधी कधी बोलतच नाही, तेव्हा काय करायचं?

हिशेबनीस: तो वेगळा विषय. पण आठवण चांगली केलीत. बंद लिंक बघून ताईंनी तुमच्या जुन्या क्यूआरवर पैसे टाकले असतील, तर ते गेटवेत दिसणारच नाहीत. स्क्रीनशॉटवर पैसे घेणाऱ्याचं नाव आणि यूपीआय आयडी कोणाचा आहे ते बघा.

साडीदुकान_कोथरूड: सापडलं! यूटीआर जुळला, आयडी गेटवेचाच आहे. पुढे `Authorized` लिहिलंय.

हिशेबनीस: म्हणजे पैसे निघालेत, पण तुम्ही अजून घेतलेले नाहीत. `Capture` दाबा. ठरलेल्या मुदतीत दाबलं नाही तर ते आपोआप ग्राहकाकडे परत जातात, आणि तोवर माल गेला तर नुकसान तुमचं. `Captured` झालं की पेमेंट आयडी ऑर्डरच्या नोंदीत लिहा आणि ताईंना पावती पाठवा. लिंक मात्र `Expired` च दिसत राहील, तिच्याकडे बघून हिशेब करू नका.

`Failed` दिसलं असतं तर दुकानात करण्यासारखं फारसं नव्हतं. व्यापाऱ्याला केलेला यूपीआय व्यवहार अडकला तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमानुसार व्यवहाराच्या दिवसापासून ५ दिवसांत पैसे परत यायला हवेत, पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. तक्रार ताईंनी त्यांच्या ॲपमधून करायची.

रोखठोक: मग लिंकची मुदत २४ तास ठेवा, भानगडच नको.

साडीदुकान_कोथरूड: एकेकच नग असतो हो, दिवसभर कसा अडवून ठेवणार? `Captured` झालं. पण सॉफ्टवेअरने ६ वाजताच ऑर्डर रद्द करून साडी परत विक्रीला लावली होती. ते थांबवता येतं का?